घरबांधणी नोंद: १५ बाय १२ च्या हॉलखाली टेकू किती, रनर किती

हॉलच्या भिंती आणि कॉलम स्लॅबच्या तळापर्यंत आले आहेत, आता सेंट्रिंगचं सामान मागवायचं आहे. ही नोंद फक्त त्या मोजणीची. बीमला बीममधलं मोकळं माप १५ फूट बाय १२ फूट आहे, स्लॅब ५ इंची, जमिनीपासून स्लॅबच्या तळापर्यंत १० फूट. प्लेट नेहमीच्या लोखंडी, ३ बाय २ च्या. रनर ४ बाय ३ इंची लाकडाचे आणि टेकू म्हणून लोखंडी जॅक.

साइटवर सर्रास चालणारा हिशेब असा: जॅक तीन-तीन फुटांवर, म्हणजे एका जॅकच्या वाट्याला ९ चौरस फूट. हॉल १८० चौरस फुटांचा, १८० भागिले ९, म्हणून २० जॅक. हा आकडा चुकीचा आहे, आणि थोडाथोडका नाही. याच हॉलला प्रत्यक्षात ३० जॅक लागतात. क्षेत्रफळाचा भागाकार प्रत्येक जॅक स्लॅबच्या मधोमध उभा असल्यासारखा मोजतो. कडेच्या जॅकला मात्र एकाच बाजूचा स्लॅब मिळतो आणि कोपऱ्यातल्या जॅकला चौथाई. त्यांच्यावर वजन कमी येतं, पण ते उभे करावेच लागतात, कारण प्लेटची कड हवेत ठेवता येत नाही. म्हणून भाग मोजून थांबायचं नाही, दर दिशेला त्यात एक मिळवायचा.

आधी रनरच्या रांगा ठरवू. प्लेटची ३ फुटांची बाजू हॉलच्या १२ फुटी रुंदीत टाकली की बरोबर चार प्लेट बसतात. प्लेटची दोन्ही टोकं रनरवर टेकली पाहिजेत, म्हणजे ३, ६ आणि ९ फुटांवर एकेक रनर, आणि दोन्ही कडांना एकेक. १२ भागिले ३ बरोबर ४, अधिक १, एकूण ५ रांगा. कडेचे दोन रनर बीमच्या फळीला चिकटवायचे नाहीत, मध्यरेषा तीनेक इंच आत घ्यायची, नाहीतर नंतर बीमच्या बाजूची फळी निघता निघत नाही.

आता प्रत्येक रांगेत जॅक किती. रनर १५ फूट लांब धावतो. पहिला आणि शेवटचा जॅक कडेपासून ६ इंच आत, म्हणजे बुडाची पट्टी नीट बसते आणि जॅकचा नट फिरवायला हात शिरतो. मधे उरले १४ फूट. १४ भागिले ३ म्हणजे ४.६७. इथे अपूर्णांक नेहमी वर न्यायचा, म्हणजे ५ गाळे आणि ६ जॅक. गाळा आला २.८ फुटांचा, सुमारे २ फूट १० इंच. पाच रांगा गुणिले सहा, ३० जॅक. अपूर्णांक खाली नेला तर गाळा साडेतीन फुटांचा होतो आणि ठरवलेलं अंतर तिथेच मोडतं.

हाच हिशेब इतर मापांना लावून पाहिला. १० बाय १० च्या खोलीला भागाकाराने ११ जॅक येतात. प्रत्यक्षात तीन प्लेट बसून एक फुटाची पट्टी उरते, तिच्या कडेलाही रनर लागतो, म्हणून ५ रांगा. रांगेत ४ जॅक, एकूण २०. उलट ३० बाय २४ च्या मोठ्या स्लॅबला भागाकार ८० सांगतो आणि रांगा मोजल्यावर ९९ येतात. खोली जितकी लहान, तितका भागाकार जास्त फसवतो, कारण लहान खोलीत कडच जास्त असते. घरांच्या साइटवर ऐन वेळी जॅक कमी पडतात ते बहुतेक यामुळेच. मग रांगेतला एखादा जॅक गाळून काम भागवलं जातं.

एक जॅक गाळला तर काय बिघडतं, हे वजनावरून कळतं. ५ इंची स्लॅबचं ओलं काँक्रीट सळईसकट एका चौरस फुटाला सुमारे २९ किलो. प्लेट आणि लाकूड ५ किलो. माणसं, घमेली, व्हायब्रेटर यांचे २३ किलो धरायचे. बेरीज ५७, हिशेबाला ६० घेऊ. आतल्या जॅकच्या वाट्याला ३ गुणिले २.८, म्हणजे ८.४ चौरस फूट आणि सुमारे ५०० किलो. रनर सलग असल्यामुळे टोकापासूनच्या दुसऱ्या जॅकवर जास्त ओढ येते, तिथे सव्वापट धरावी, म्हणजे ६३० किलो. चांगल्या स्थितीतल्या जॅकला हे पेलतं. पण जॅक जितका जास्त उघडला तितकी त्याची ताकद कमी होते, म्हणून भाड्याने घेताना १० फूट उंचीला तो किती वजन घेतो हे पुरवठादाराच्या तक्त्यात बघूनच घ्यायचं. बंद अवस्थेतला आकडा आपल्या कामाचा नाही.

रनरचं दुखणं वेगळं. त्याची झोळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढते. ३ फुटांचा गाळा ४ फुटांचा केला तर जॅकवरचं वजन एक-तृतीयांशाने वाढतं, पण रनरची झोळ तिपटीहून जास्त होते. जॅक टिकतो आणि स्लॅबचा तळ लाटेसारखा होतो, मग ते प्लास्टरने भरत बसावं लागतं. रनर उभा ठेवणंही तितकंच गरजेचं, ४ इंचाची बाजू उभी. आडवा ठेवला तर तोच रनर पावणेदोन पटीने जास्त वाकतो. आडवा रनर जॅकच्या डोक्यावर छान बसतो, म्हणून घाईत तसाच टाकला जातो. उभा ठेवून दोन्ही बाजूंनी डोक्याच्या पट्टीला खिळा मारला की तो लोळत नाही.

आता रनरची लांबी. इथे आमच्या आराखड्यात दोन पर्याय निघाले. बाजारात ८ फुटी रनर सहज मिळतात, दोन लावले की १५ फूट भागतात आणि मधे एक फुटाची जोड येते. पण ही जोड ७ ते ८ फुटांच्या दरम्यान पडते, आणि आमचे जॅक आहेत ६.१ आणि ८.९ फुटांवर. जोड अधांतरी राहते. जॅकविना जोड म्हणजे तिथे रनर तुटलेलाच समजायचा, दोन खिळ्यांवर ती धरत नाही. तेव्हा एक तर १० फुटी आणि ७ फुटी असे दोन तुकडे घ्यायचे. मग जोड ८ ते १० फुटांमध्ये येते आणि ८.९ वरचा जॅक तिच्या खाली बसतो. नाहीतर रांगेत ७ जॅक करायचे, गाळा २.३३ फुटांचा होतो आणि चौथा जॅक नेमका साडेसात फुटांवर, जोडीच्या मधोमध येतो. तेव्हा एकूण जॅक ३५. विषम जॅक असले की मधोमध एक येतोच, हे लक्षात ठेवलं तर जोडीचा प्रश्न सुटतो. आम्ही पहिला पर्याय घेतला, कारण १० फुटी रनर मिळाले. ३ इंची दोन रनर शेजारी शेजारी जॅकच्या ६ इंची डोक्यावर जेमतेम मावतात, म्हणून त्या पाच जॅकचं डोकं वाकलेलं नाही हे निवडून घ्यायचं.

मागणीची यादी त्यामुळे अशी झाली: जॅक ३० आणि वाकलेले, आटे गेलेले निघतील म्हणून ३ जास्त, रनर १० फुटी ५ आणि ७ फुटी ५. प्लेट २८, कारण १५ फुटांत २ फुटांच्या सात ओळी बसतात आणि उरलेल्या एक फुटाला फळी. बीमच्या बुडाखालचे जॅक यात धरलेले नाहीत, ते वेगळे मोजायचे. बीमचं वजन स्लॅबच्या रांगेवर टाकायचं नाही.

जॅकच्या बुडाखाली काय आहे, ते मोजणीइतकंच महत्त्वाचं. आमच्या हॉलमध्ये मुरमाचा भराव आहे. ६ इंची बुडाची पट्टी ५०० किलो घेऊन उभी राहिली की खाली चौरस मीटरला २२ टनांचा दाब येतो. नव्या भरावात ती सरळ रुतते. १२ बाय ९ इंचाचा फळीचा तुकडा खाली घातला की तोच दाब ७ टनांवर येतो. भराव पाणी मारून, धुम्मस करून आधीच बसवून घ्यायचा. स्लॅबवर पाणी साठवलं की ते झिरपून खाली येतं आणि भराव पुन्हा बसतो, त्यामुळे काँक्रीटच्या दिवशी घट्ट असलेला जॅक चार दिवसांनी हाताने हलतो. विटांचे तुकडे रचून उंची साधणं अजिबात नको, ते एका बाजूला फुटतात.

जॅक उभे झाल्यावर हे बघायचं. ओळंबा लावून प्रत्येक जॅक दोन बाजूंनी सरळ आहे का. मध्यावर दोन्ही दिशांना आडवे पाइप क्लिपने बांधलेत का, कडेला कैची आहे का. आणि पिन. हरवलेल्या पिनेच्या जागी ८ मिलिमीटर सळईचा तुकडा खुपसलेला दिसला तर तो जॅक बाजूला काढायचा. तो तुकडा हळूहळू वाकतो, आतली नळी अर्धा इंच खाली उतरते आणि तिचं वजन शेजारच्या दोन जॅकवर जातं.

काँक्रीट चालू असताना एक माणूस खालीच हवा. प्लेटच्या तळाला एक पट्टी लटकवून ठोकायची, शेजारी जमिनीत खुंटी, आणि दोन्हींवर एका रेषेत पेन्सिलीची खूण. हॉलमध्ये अशा दोन-तीन जागा पुरतात. खुणा सरकल्या की वर काम थांबवायचं, तो जॅक जिथे आहे तिथेच घट्ट करायचा आणि शेजारी नवा जॅक द्यायचा. ओलं काँक्रीट नट फिरवून वर उचलू नये, बाजूच्या भागाला चीर जाते. वरच्यांना एक ताकीद: माल एका जागी ओतून ढीग करायचा नाही. दीड फुटाचा ढीग चौरस फुटाला शंभर किलोंच्या वर जातो आणि आपला सगळा हिशेब ६० चा आहे.

काढण्याबद्दल आयएस ४५६:२००० मध्ये स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस दिले आहेत. तेही साध्या पोर्टलंड सिमेंटला आणि तापमान १५ अंशांच्या खाली नसेल तर. आमचा लहान गाळा १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर, तेव्हा ७ दिवस लागू. पण सिमेंट पीपीसी आहे आणि त्याची ताकद सुरुवातीला सावकाश येते, म्हणून आम्ही १४ दिवसांचंच भाडं धरलं आहे. बीमखालचे जॅक तर १४ दिवसांआधी हलवायचेच नाहीत. काढताना हॉलच्या मधल्या रांगेपासून सुरुवात, दर जॅकचा नट थोडा थोडा सैल करत कडेकडे जायचं. पुढच्या गॅलरीचं उलट, तिथे मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे.