रुळांचं दुखणं

रेल्वेचा शोध म्हटलं की सगळं श्रेय इंजिनाला जातं. रूळ बिचारे पायाखाली पडलेले. खरं तर पहिलं इंजिन तयार झालं तेव्हा त्याला पेलणारे रूळच नव्हते.

इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या कोळसा खाणींत त्याआधी दोनेकशे वर्षं लाकडी रूळ होते. घोडा त्यांवरून अडीच टनांहून जास्त कोळशाची वाघीण नदीपर्यंत ओढत नेई. चिखलाच्या रस्त्यावर हे त्याला जमलंच नसतं. पण लाकूड झिजायचं, पावसात मऊ पडायचं. म्हणून खाली एक पट्टी कायम ठेवून वर दुसरी ठोकत; झिजली की वरचीच बदलायची. पुढे चाकं लोखंडी झाली आणि ही पट्टी आणखीच लवकर कुरतडली जाऊ लागली. १७६७ मध्ये कोलब्रुकडेलच्या लोखंडाच्या कारखान्याने लाकडावर बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पट्ट्या बसवल्या. झीज थांबली, चाक हलकं फिरू लागलं. मग लाकूड गेलं आणि अख्खे रूळच बिडाचे ओतले जाऊ लागले.

घोड्यापुरतं हे झकास होतं. फेब्रुवारी १८०४ मध्ये वेल्समधल्या पेनीडॅरनला रिचर्ड ट्रेव्हिथिकने वाफेचं इंजिन रुळांवर चढवलं. जास्त दाबाची वाफ सिलिंडरमधला दट्ट्या पुढे-मागे ढकलायची, दट्ट्या गतिचक्र फिरवायचा आणि तिथून दातेरी चाकांमार्फत जोर गाडीच्या चाकांना मिळायचा. वापरून झालेली वाफ त्याने धुराड्यात सोडली. ती वर जाताना भट्टीतली हवा ओढून घेई, आग भडके, आणि आणखी वाफ तयार होई. फारच हुशार युक्ती! दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं घेऊन गाडी सुमारे पंधरा किलोमीटर गेली. वेळ लागला चार तास पाच मिनिटं.

मागे मात्र तुटलेले रूळ राहिले. बीड दाब मुकाट सोसतं, ताण सोसत नाही. दोन दगडी ठोकळ्यांवर टेकलेल्या रुळाच्या मधोमध चाक आलं की रूळ किंचित वाकतो; वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. तडा खालूनच सुरू होतो आणि वाकल्याची खूणही न दाखवता रूळ कडकन मोडतो. त्यात इंजिन सुमारे पाच टनांचं, स्प्रिंगा नाहीत, आणि रूळ जेमतेम तीन फुटी. म्हणजे दर तीन फुटांवर सांधा, आणि दर सांध्यावर दणका. ते इंजिन रुळांवर फार दिवस टिकलं नाही.

उपाय निघाला १८२० मध्ये. बेडलिंग्टनच्या जॉन बर्किनशॉने घडीव लोखंड तापवून, लाटून पंधरा फुटी रूळ काढले. हे लोखंड चिवट. जास्त भार आला तर वाकेल, पण तुकडे होणार नाहीत. सांधेही एक-पंचमांशावर आले. रेल्वे बांधणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सन या अभियंत्याकडे स्वतःच्या बिडाच्या रुळांच्या पेटंटमध्ये भागी होती. तरी इंग्लंडमधल्या स्टॉकटन-डार्लिंग्टन या नव्या रेल्वेमार्गासाठी त्याने शिफारस केली ती बर्किनशॉच्या रुळांची, स्वतःच्या खिशाला चाट लावून. १८२५ मध्ये तो मार्ग सुरू झाला तेव्हा बहुतेक रूळ घडीव लोखंडाचे होते, मीटरला साधारण चौदा किलोचे. आज आपल्या मुख्य मार्गांवरचा पोलादी रूळ मीटरला ६० किलो भरतो.