मधला माणूस

फिंजान म्हणजे बिनकानाची चिमुकली कपुली. तिच्यात वेलदोडा घातलेली, बिनसाखरेची कडू कॉफी तळाला जेमतेम दोन घोट ओततात. अम्मानमधल्या एका दिवाणखान्यात अशी एक कपुली मी थंड होताना पाहिली. माझ्या जॉर्डनी सहकाऱ्याच्या पुतण्यासाठी मुलगी मागायला आम्ही तीसेक पुरुष गेलो होतो. अशा शिष्टमंडळाला तिकडे जाहा म्हणतात. आमच्या पुढे होते सहकाऱ्याचे थोरले काका. यजमानांनी त्यांच्या हातात फिंजान दिलं, त्यांनी ते न उष्टावता समोर ठेवलं आणि बोलायला लागले. आधी देवाचं नाव, मग दोन्ही घराण्यांचं कौतुक, आणि शेवटी मागणी. मुलीकडचे वडीलधारे म्हणाले, "कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते झालं." तेव्हा कुठे काकांनी कपुली ओठाला लावली आणि खोलीतल्या सगळ्यांनी आपापली उचलली.

लग्न अर्थातच आधी ठरलेलं होतं. नाहीतर इतक्या लोकांना घेऊन कोण अपमान करून घ्यायला जातं? पण हाच फिंजान जिथे काही ठरलेलं नसतं, तिथेही थंड होतो. गाडीखाली कुणी गेलं, भांडणात कुणाचा जीव गेला, की गुन्हेगाराच्या घरातले स्वतः समोर जात नाहीत. दोन्हीकडे मान असलेला एखादा वृद्ध जातो आणि आधी मुदत मागतो. तिला अतवा म्हणतात. पहिली मुदत रूढीने तीन दिवस आणि एक तृतीयांश, म्हणजे तेवढे दिवस कुणी सूडाला उठणार नाही. पोलीस, कोर्ट सगळं असतं, ते आपल्या गतीने चालतं. पण त्या रात्री रक्त सांडू नये ही सोय फिंजानासमोर बसलेला माणूस करतो.

त्याचं काम म्हणजे वास्ता. मूळ शब्द 'वासिता', बोलताना 'वास्ता'. त्याचं धातुरूप 'मध्य' दाखवणारं आहे. आपण 'मध्यस्थ' म्हणतो, अगदी तसंच. हिंदीत 'खुदा के वास्ते' म्हणतात तो वास्ता हाच. आपला 'वशिला'ही अरबीच, पण वेगळा शब्द. तो 'वसीला'वरून आला, म्हणजे साधन, पोचायची वाट. मराठीत त्या वाटेवर तट्टू बांधलं गेलं आणि शब्दाची अब्रू गेली. 'वशिल्याचं तट्टू' कुणाला चांगल्या अर्थाने म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. अरबीत मात्र वास्त्याची अब्रू अर्धीच गेली, आणि मला नवल वाटतं ते त्याचंच.

परत येताना सहकाऱ्याने गाडीत सहज सांगितलं, नवऱ्या मुलाची सरकारी नोकरीही याच काकांनी लावली. कशी? एक फोन. काकांनी कधीकाळी कुणाच्या घरचा तंटा मिटवला होता, त्या माणसाचा मेहुणा त्या खात्यात होता. काकांनी शब्द टाकला. पैशाची गोष्टच निघाली नाही, निघाली असती तर काका उठून गेले असते. पैसे दिले की लाच, आणि व्यवहार तिथे संपतो. वास्ता संपत नाही. उद्या त्या मेहुण्याच्या मुलीला विद्यापीठात प्रवेश हवा असेल तर फोन उलट दिशेने येईल आणि काकांना 'नाही' म्हणता येणार नाही. म्हणणं 'ऐब' होईल, लाजिरवाणं.

मी विचारलं, "म्हणजे रांगेत पुढे असलेल्या कुणाची तरी नोकरी गेली?"

सहकारी जरा वेळ गप्प बसला. जॉर्डनमध्ये सरकारी नोकरीच्या अर्जांची यादी ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती, तिच्यात लोकांची वर्षं जायची. मग म्हणाला, "हबीबी, त्याच्याकडेही कुणीतरी असेलच."

हे 'असेलच' फार कामाचं आहे. पासपोर्टचं नूतनीकरण, जमिनीचा उतारा, इस्पितळातली तारीख या आपल्या हक्काच्याच गोष्टी असतात. तरी माणूस फोन लावतो. इतरांनी लावलाय असं त्याला वाटतं, आणि न लावणारा मागे पडेल याची भीती असते. त्याच्या दृष्टीने तो कुणाचं काही ओरबाडत नसतो, फक्त दुसऱ्याच्या वास्त्याची बरोबरी करत असतो. दुसराही नेमकं हेच म्हणत असतो.

या प्रकाराला नावंही लाडिक आहेत. 'विटॅमिन वाव' हे त्यातलं एक, 'वाव' म्हणजे वास्त्याचं पहिलं अक्षर. तुझ्यात या जीवनसत्त्वाची कमतरता आहे, म्हणून अर्ज पडून राहिला! इजिप्तमध्ये 'कोसा' म्हणतात, म्हणजे तिकडची छोटी हिरवी काकडीसारखी भाजी. ती लवकर नासते म्हणून वेशीच्या दारातून तिच्या गाड्या आधी सोडत आणि बाकीचे व्यापारी ताटकळत "अरे, कोसा!" म्हणून बोंब मारत, अशी गोष्ट सांगतात. खरी की रचलेली, देव जाणे. पण तिच्यात एक मेख आहे. कोसा खरंच नासते. आधी सोडायला कारण होतं.

जॉर्डनच्या कायद्यालाही हीच अडचण आली असावी. 2006 च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात वास्ता हा गुन्हा धरला, पण सरसकट नव्हे. हक्काचं रद्द करणारा आणि नाहक गोष्टीला हक्क ठरवणारा वास्ता, असे शब्द घातले. म्हणजे बाकीचा मोकळा. 2016 मध्ये राजे अब्दुल्ला दुसरे यांनी कायद्याच्या राज्यावर जो चर्चालेख लिहिला, त्यातही वास्ता आणि मेहेरनजर यांच्यावर कोरडे ओढले आहेत. देश वाचून मान डोलावतो आणि फोन उचलतो.

मला त्या कायद्यातली रेघ पटते, फक्त ती दिसायची कशी हा प्रश्न उरतो. मुलीकडच्या दिवाणखान्यात दोनच बाजू होत्या आणि दोन्ही हजर होत्या. मागणारा समोर, देणारा समोर, 'नाही' म्हणायची मुभाही समोरच. नोकरीच्या फोनमध्ये तिसरा एक माणूस असतो आणि तो खोलीत नसतो. मी धीर करून काकांना पुढच्या भेटीत विचारलं की त्याचं काय. ते चिडले नाहीत. म्हणाले, "माझ्या दारात तो आला असता तर त्याच्यासाठीही गेलो असतो." खोटं नव्हतं ते. खरंच गेले असते. न येणाऱ्याला दार माहीत नसतं, एवढंच.

पुढे आखातात माझ्याच निवासपरवान्याचा कागद अडला. मी नाव घेत नाही अशा एका कचेरीत सकाळी सातला गेलो. हातात 87 नंबरचं टोकन, खिडकीवर 41 चालू. दुपारी परतीचं विमान होतं. मी सहकाऱ्याला फोन केला, फार विचार न करता. दहा मिनिटांत आतून एक माणूस आला, माझं नाव विचारलं आणि आत घेऊन गेला. तिथे मला कॉफी दिली, फिंजानमध्येच. कागद हातात आला, मी कॉफी संपवली, आभार मानले. बाहेर आलो तेव्हा खिडकीवर 46 होता. शेजारच्या खुर्चीवर मघाशी बसलेला बांगलादेशी मजूर अजून तिथेच होता. त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या टोकनाकडे. त्याचा नंबर 86 होता.