तुम्ही विचारलंत म्हणून: भाषांतरित पुस्तकाची सूची

"मूळ इंग्रजी पुस्तकाच्या शेवटी विषय आणि पानं देणारी सूची तयारच आहे की. नोंदी मराठीत करायच्या आणि कॉम्प्युटरला लावायला सांगायचं. त्याला इतके दिवस कशाला?"

कॉम्प्युटर लावून देतो, हे खरं. पण तो साधारणपणे अकारविल्हे लावत नाही, युनिकोडने अक्षरांना दिलेल्या क्रमांकांनुसार लावतो. त्या क्रमांकांत ळ बसलाय ल आणि व यांच्या मध्ये. आपण शाळेत तो ह नंतर शिकलो. उत्क्रांतीवरच्या एखाद्या पुस्तकातलं क चं पान घ्या. यंत्र लावतं: कालगणना, काळवीट, कावळा, कासव. वाचक काळवीट शोधतो कासवाच्या खाली, तिथे तो नसतो, आणि पुस्तकात काळवीट नाहीच असं समजून पान मिटतं. क्ष आणि ज्ञ यांचंही तेच. यंत्राच्या लेखी ते क आणि ज यांची जोडाक्षरं, त्यामुळे 'क्षेत्र' क च्या शेवटी जातं. वाचक मात्र ळ नंतर पाहतो.

मराठी क्रम जाणणारी साधनं आहेत, नाही असं नाही. पण भरवसा ठेवण्याआधी तीन शब्द घालून बघावेत, पायथॉनमध्ये असे:

```
from icu import Collator, Locale
c = Collator.createInstance(Locale("mr_IN"))
print(sorted(["काळवीट", "कावळा", "कासव"], key=c.getSortKey))
```

काळवीट शेवटी आला तर पुढे जायचं, नाहीतर क्रमाचे नियम स्वतः लिहून द्यायचे.

त्याहून छळतो तो ॲ. त्याचा क्रमांक U+0972, म्हणजे सगळ्या व्यंजनांच्या पुढचा. साध्या क्रमाने ॲरिस्टॉटल ह च्याही मागे जाऊन बसतो. दुसऱ्या प्रकरणाच्या टंकलेखकाने तेच अक्षर अ आणि त्यावर ॅ असं दोन कळांनी काढलेलं असेल, तर दुसरा ॲरिस्टॉटल अ मध्ये सापडतो. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि एकाच अक्षराची वेगळी रूपं सारखी करणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक मानत नाही. म्हणून क्रम लावण्याआधी शोधा-आणि-बदला करून एकच रूप ठेवावं लागतं.

अनुस्वाराचं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. 'कंठ' कुठे? यंत्राच्या क्रमाने क च्या अगदी सुरुवातीला. परसवर्ण धरून, म्हणजे अनुस्वाराच्या जागी पुढच्या अक्षराच्या वर्गातलं अनुनासिक घेऊन, 'कण्ठ' मानलं तर 'कणा'च्या लगेच खाली. बाराखडीने गेलं तर कौ नंतर आणि 'क्युव्हिए'च्या आधी. पूर्वी मी परसवर्णाच्या बाजूने भांडायचो, कारण उच्चाराला तेच धरून आहे. आता बाराखडीकडे झुकतो, कारण वाचकाला परसवर्ण आठवत नाही. तरी 'अंडं' हा शब्द औ च्याही खाली पाहिला की अजून खटकतं. निदान कोणता क्रम धरला ते सूचीच्या डोक्यावर एका ओळीत छापा, एवढंच म्हणतो.

पण हे सगळं सोपं. दिवस जातात ते पानांच्या आकड्यांत. इंग्रजी पुस्तकातले पानांचे आकडे भाषांतरात कामाचे नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. ते शोधून काढायचे, तर शोधायचं काय? 'कबूतर' ही नोंद घ्या. शोधखिडकीत 'कबूतर' टाकलं तर मोजकीच पानं येतात, कारण मजकुरात बहुतेक ठिकाणी आहे 'कबुतरांच्या', 'कबुतराला', आणि तिथे ू चा ु झालेला असतो. मग 'कबुतर' वेगळं शोधायचं. माणूस असेल तर 'माणस', घोडा असेल तर 'घोड्य'. एवढं करूनही भाषांतरकाराने रानटी कबुतरांना मध्येच 'पारवे' म्हटलेलं निघतं, आणि दोन पानांवर नुसतं 'या पक्ष्यांची पैदास' असतं. शब्द नाही, विषय तोच. ही पानं कुठलाही शोध देत नाही, वाचूनच मिळतात. आणि शोध पीडीएफमध्ये घेऊ नका. देवनागरी मजकूर तिथे आतून बऱ्याचदा मोडलेला असतो, असलेला शब्दही सापडत नाही. मांडणीच्या मूळ फाइलमध्ये घ्या.

नोंदीही जशाच्या तशा उतरत नाहीत. इंग्रजीत C खाली एकत्र नांदणारे कोपर्निकस आणि सिसेरो इथे वेगळे होतात, आणि K मधला केप्लर कोपर्निकसाच्या शेजारी येतो. 'नैसर्गिक निवड' उलटी करून 'निवड, नैसर्गिक' अशी ठेवायची की सरळ? मी सरळ ठेवतो आणि 'निवड'खाली 'पाहा' देतो, कारण कृत्रिम निवडही तिथेच शोधली जाते. उपनोंदींत तेवढं सुख आहे: शब्दयोगी अव्यय शब्दाच्या मागे लागत असल्याने इंग्रजीसारखं सुरुवातीचं अव्यय सोडून क्रम लावावा लागत नाही.

आणि हो, सूची सुरू झाल्यावर चौथ्या प्रकरणात 'एकच छोटा परिच्छेद' घालायचा निरोप येतो. घाला. फक्त आधी बघा, त्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर तेवढी जागा रिकामी आहे का. असेल तर मला एकाच प्रकरणाचे आकडे पुन्हा तपासावे लागतील. नसेल तर तिथून शेवटपर्यंतचे सगळे.