परिचयातून गाळलेली ओळ

आमच्या महाविद्यालयात कुठलंही चर्चासत्र असलं की पाहुण्यांचा परिचय माझ्याकडे येतो. मी भूगोल शिकवते, पण निवड होते ती आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचतो म्हणून. कार्यक्रमपत्रिकेत परिचयाला तीन मिनिटं असतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि प्राचार्यांचं लांबलेलं प्रास्ताविक यातून माझ्या वाट्याला दीड मिनिट उरतं. म्हणजे दीडशेएक शब्द.

या वेळी विषय होता ‘बोअरला पाणी का लागत नाही?’ वक्ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक. त्यांचा बायोडेटा चार पानांचा आला. आमचे एक सहकारी असा बायोडेटा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचतात, आणि पाहुणे खाली मान घालून चष्मा पुसत बसतात. मी आधी व्याख्यानाचा विषय वाचते आणि मग पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीला विचारते, की ही ऐकून समोरची पोरं पुढचा तासभर वेगळ्या कानांनी ऐकतील का? पदव्या, शोधनिबंधांचा आकडा, समित्या, पुरस्कार हे सगळं या चाळणीतून खाली पडलं. उरली एक ओळ: ‘निरीक्षण विहिरींच्या पाणीपातळीची नोंद, २६ वर्षे.’

ही ओळ तशीच वाचली तर कोणाच्या डोक्यात चित्र उभं राहत नाही, म्हणून मी सरांना फोन केला. त्यांनी सगळं नीट सांगितलं. ठरलेल्या विहिरी, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजणी. पोलादी टेपच्या टोकाला खडू लावून ती विहिरीत सोडायची. खडू जिथपर्यंत ओला झाला तिथून पातळी काढायची. मग मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला, “सर, याच विषयात तुमचं स्वतःचं कधी चुकलंय का?”

ते हसले. “माझ्याच शेतात बोअर कोरडी गेलीय, मॅडम. खाली काळा पाषाण आहे हे मला ठाऊक. भेगा नसतील तर त्यात पाणी साठणार कुठं? पण भाऊ हटून बसला. तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा.”

“हे सांगू का?”

“सांगा की.”

शेवटी माइकवर मी एवढंच बोलले: “मे महिन्यात आपण पंख्याखाली बसलेलो असतो, तेव्हा आजचे पाहुणे टेप घेऊन विहिरीच्या काठावर असायचे. सलग २६ वर्षं. एवढं करूनही त्यांच्या स्वतःच्या शेतातली बोअर कोरडी गेली. का गेली, ते त्यांच्याच तोंडून ऐकू या.” आणि मग नाव. नाव मी शेवटी घेते, म्हणजे टाळ्या नावावर पडतात. कारण मात्र मी मुद्दाम सांगितलं नाही. पाषाण आणि भेगा हे त्यांचं व्याख्यान होतं, माझं नव्हे.

प्राचार्य कुजबुजले, “पुरस्कार राहिले की.” पण मागची पोरं पुढे सरकून बसली होती. त्यांतल्या कितीतरी घरांनी कर्ज काढून बोअर घेतलेली. सरही त्या फुफाट्यापासूनच बोलायला लागले.

घोळ झाला तो शेवटी. पावसाचं पाणी बोअरमध्ये कसं जिरवायचं हे त्यांनी छान समजावलं: केसिंगभोवती खड्डा, खाली दगड, वर खडी, सर्वांत वर वाळू. मग म्हणाले, खड्डा जमत नसेल तर तयार फिल्टर मिळतात, आणि एका कंपनीचं नाव घेतलं. तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा उठला. “सर, तुम्ही त्यांच्याकडं आहात का?”

“सल्लागार आहे,” सर सरळ म्हणाले. लपवण्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पण सभागृहात चुळबूळ झाली, आणि तो मुलगा त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

ती ओळ बायोडेटाच्या तिसऱ्या पानावर होती. ‘मानद’, ‘सदस्य’, ‘सल्लागार’ अशा दहा-बारा ओळींमध्ये. मिरवायची पदं म्हणून मी त्यांच्यावर एकच तिरपी रेघ मारली होती. माझी चाळणी कौतुकाचा भुसा उडवायला बरी, पण ही ओळ कौतुकाची नव्हतीच. फिल्टरची किंमत ऐकताना पोरांना जी गोष्ट आधी ठाऊक हवी होती, ती हीच.

घरी येऊन तो परिचय मी पुन्हा लिहायला घेतला. कोरड्या बोअरनंतर ते वाक्य टाकलं, तर आरोप केल्यासारखं वाटतं. सुरुवातीला टाकलं, तर जाहिरात. टेपच्या वाक्यानंतर, “सध्या ते बोअरचे फिल्टर बनवणाऱ्या एका कंपनीला सल्ला देतात,” असं घालून मोठ्यानं वाचलं, तेव्हा बरं वाटलं. पण सर शेजारी बसलेले असताना माझा आवाज तिथं तसाच राहिला असता का, हे अजून ठरत नाहीये. तो कागद पर्समध्येच आहे.