आवाज बसला की मीठ

आमच्या घरी केळ्याच्या वेफर्सवर मीठ नेहमी वरून पडायचं. आई गरम काप पेपरवर काढायची, चिमटीनं मीठ भुरभुरायची आणि डबा भरताना एकदा हलवायची. चार दिवसांत डबा संपत आला की तळाशी पांढरी रांगोळी उरलेली असायची. वरचे काप अळणी, खालचे नुसते खारट. पण याची तक्रार कोणी करत नसे. वरचे काप पाहुण्यांना आणि खालचे आम्हाला, अशी वाटणी ठरूनच गेली होती.

मीठ पाण्यात कालवून थेट उकळत्या तेलात घालतात, हे मी पहिल्यांदा माटुंग्याच्या बाजारात पाहिलं. दुकानाच्या दारातच मोठी कढई होती आणि कारागीर किसणी तेलावर धरून सोललेली केळी सपासप ओढत होता. थोड्या वेळानं त्यानं शेजारच्या भांड्यातलं पिवळं पाणी पळीनं घेतलं आणि कढईत भिरकावलं. तेल असं खवळलं, की मी छत्रीसकट दोन पावलं मागे सरलो. त्यानं मात्र मान फिरवून गिऱ्हाइकाला सुटे पैसे मागितले.

तो प्रकार घरी करून बघायचा मोह आवरला नाही. पहिल्या प्रयत्नाचा हिशेब थोडक्यात सांगतो: कढई काठोकाठ तेलानं भरलेली, गॅस मोठा, मीठपाणी पळीभर. तेल फसफसून वर आलं, काठावरून उतरून बर्नरपर्यंत गेलं आणि निळी ज्योत एकदम पिवळी होऊन भडकली. सुदैवानं गॅसचं बटण हाताशी होतं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, हे शाळेत शिकलो होतो. पण ती जागा ती माझ्या ओट्यावर शोधेल, असं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून कढईत तेल निम्म्याच्याही खाली असतं, पाणी घालताना आच बारीक असते आणि पाणी चहाच्या चमच्यानं मोजून पडतं.

बाकीचं शिक्षण आमच्याच मजल्यावर झालं. शेजारच्या काकू मूळच्या पालघाटच्या, चेंबूरला आल्याला चाळीस वर्षं झाली असतील. ओणमच्या आधी त्यांच्या दारातून खोबरेल तेलाचा वास येतो आणि संध्याकाळी आमच्याकडे उप्पेरीचा डबा येतो. उप्पेरी म्हणजे त्यांचे नेंद्रन केळ्याचे काप. मी माझी आगीची गोष्ट सांगितली, तेव्हा त्या मनापासून हसल्या. मग म्हणाल्या, “पाणी किती घातलंस ते सोड. घातलंस कधी?”

मला उत्तर देता येईना. काप पिवळे दिसले तेव्हा, असं काहीतरी पुटपुटलो.

“पिवळे तर ते आधीपासूनच असतात,” त्या म्हणाल्या. “कढई गप्प होऊ लागली की घालायचं.”

त्या वाक्याचा अर्थ लागायला मला दोन रविवार आणि दोन डझन केळी लागली. काप तेलात पडला की जी चरचर सुरू होते, ती केळ्यातल्या पाण्याची असते. पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं, तेच बुडबुडे आणि तोच आवाज. पाणी आहे तोवर कापाचा आतला भाग शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही, मग भोवतीचं तेल कितीही तापलेलं असो. म्हणून पहिली दोन-तीन मिनिटं काप नुसता शिजतो, रंग बदलत नाही. मग पाणी सरत येतं, मोठे बुडबुडे बारीक होतात आणि चरचर बसत जाते. झाऱ्यानं हलवलं की काप एकमेकांवर आपटून वाळक्या पानांसारखे खुळखुळतात. मीठपाण्याची वेळ ती. बुडबुडे अजून पूर्ण थांबलेले नसतात, पण तीन चतुर्थांश काम झालेलं असतं.

आधी घातलं तर काप अजून मऊ आणि ओले असतात, आधीच बुडबुड्यांनी भरलेल्या तेलात आणखी फेस होतो आणि तेल थंड पडून काप ते पितात. उशिरा घातलं तर पाणी उडून जायला लागणाऱ्या अर्ध्या मिनिटात कोरडे झालेले काप तांबूस होतात. आणि ते करपण्याच्या भीतीनं लगेच बाहेर काढले, तर पाण्याचा अंश तसाच राहून दुसऱ्या दिवशी डब्यात सादळतात.

मग मीठ पाण्यातूनच का? मीठ तेलात विरघळत नाही. नुसतं मीठ कढईत टाकलं तर ते तळाशी जाऊन बसेल. पाणी ते कापापर्यंत पोचवतं आणि स्वतः उडून जातं, मागे मिठाचा इतका पातळ थर राहतो की बोटाला लागत नाही, जिभेला मात्र लागतो. यातली एक खोच मला उशिरा कळली. पाणी तेलापेक्षा जड असतं. मोकळ्या तेलात पडलेला थेंब खाली जातो, तळाशी फुटतो आणि त्याचं मीठ तिथेच राहतं. म्हणून झाऱ्यानं सगळे काप मध्यभागी गोळा करायचे आणि पाणी तेलात नव्हे, कापांवर शिंपडायचं. ही खोच कळण्याआधी माझे पहिले घाणे अळणी निघत, आणि मी मात्र पाण्यातलं मीठ वाढवत बसलो होतो.

आता माझं प्रमाण ठरलं आहे. अर्धी वाटी पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ, पूर्ण विरघळेपर्यंत ढवळलेलं. एका घाण्यात एकाच मोठ्या केळ्याचे काप, आणि त्यावर या पाण्याचा एक चमचा. शिंपडल्यावर कढई पुन्हा एकदा ओरडते. तो दुसरा आवाज बसला, की अर्ध्या मिनिटात काप बाहेर. काकू पाण्यात हळद घालतात. आमच्या आईला हे वेफर्स एकादशीला लागतात आणि आमच्याकडे उपवासाला हळद चालत नाही, म्हणून आमचं पाणी पांढरं, सैंधवाचं. तेलही शेंगदाण्याचं. काकूंच्या मते ते वेफर्स आहेत, उप्पेरी नव्हे. त्यात तथ्य आहे.

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, की मग कान असला की झालं. नाही झालं. मीठपाणी एका घाण्याला एकदाच पडतं, म्हणजे कढईतले सगळे काप एकाच वेळी त्या अवस्थेला आलेले हवेत. अर्धे गप्प आणि अर्धे बडबडत असतील, तर तुम्ही कोणाचं ऐकणार? जाडीचा प्रश्न खरा इथे येतो. पातळ चांगला की जाड, हा आवडीचा भाग झाला. सारखेपणा मात्र हवाच. मी सुरुवातीला सुरीनं काप करायचो. माझी सुरी नेहमी तिरकी उतरते, त्यामुळे एक कड कागदासारखी आणि दुसरी पाटासारखी. अशा कापाची पातळ कड करपते तेव्हा जाड कड वातड असते. तो काप कधीच तयार नसतो, फक्त एकाच वेळी कच्चा आणि जळका असतो.

शेवटी किसणी आणली. पण किसणीच्या खोक्यावर जाडी लिहिलेली नव्हती, म्हणून एक युक्ती केली: दहा काप एकावर एक रचायचे आणि मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं चवड मोजायची. दीड सेंटीमीटर भरली की काप दीड मिलिमीटरचा. आम्हाला हीच जाडी मानवते. एक मिलिमीटरचा काप दोनेक मिनिटांत होतो, पण आवाज बसणं आणि करपणं यात श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही. दोनच्या पुढचा काप मंद आचेवर बराच वेळ तळावा लागतो. काकूंचे तसे जाड असतात, पण त्यांच्यापाशी नेंद्रन आणि सबुरी दोन्ही आहेत.

केळंही बघून घ्यावं लागतं. नेंद्रन माटुंग्याला मिळतो. वसईची राजेळी मिळाली तर तीही त्याच जातकुळीतली, गर घट्ट आणि पाणी कमी. भाजीवाल्याकडची साधी कच्ची केळी चालतात, फक्त त्यांत पाणी जास्त म्हणून आवाज उशिरा बसतो. सालीवर पिवळी झाक नको. पिकू लागलं की पिठूळपणाची साखर होते आणि साखर तेलात आधी तांबडी पडते. सोलताना हाताला तेल लावायचं, नाहीतर चिकाचे काळे डाग आठवडाभर बोटांवर.

आचेचं म्हणाल तर १७० ते १७५ अंश. थर्मामीटर नसेल, तर एक काप टाकून बघायचा. तो खाली जाऊन दोन-तीन सेकंदांत बुडबुड्यांसह वर आला की तेल तयार. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे, आणि टाकल्या टाकल्या कडेनं रंग धरू लागला तर जास्त गरम. काप पडले की तेल निवतं, म्हणून पहिला मिनिटभर आच मोठी ठेवतो, मग मध्यम. फार गरम तेलाची फसवणूक अशी, की बाहेरून रंग सुंदर येतो, कडा कुरकुरीत होतात आणि मधला भाग मात्र ओला राहतो. त्याच दिवशी खाल्ले तर कळत नाही. जुलैतल्या मुंबईत दुसऱ्या सकाळी डबा उघडला की कळतं.

परवा आषाढीच्या आदल्या रात्री तळायला बसलो होतो. बाहेर पाऊस धो धो, खिडकीच्या पत्र्यावर त्याची एकसारखी चरचर. तिसऱ्या घाण्याला मला कढई ऐकूच येईना. बुडबुडे बघून अंदाज घेत चमचा हातात धरून उभा राहिलो. आई आतून येऊन शेजारी थांबली. तिनं माझ्या हातातून झारा घेतला, काप एकदा ढवळले आणि झाऱ्याच्या दांड्याला बोटं लावून म्हणाली, “घाल आता. हाताला खुळखुळतायत.”