आंब्याच्या पेटीतले पत्रक: मानांकन, बक्षीस आणि आकडे लिहिण्याचा माझा अनुभव

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या हापूसच्या बागेतून पुण्या-मुंबईच्या घरांपर्यंत थेट पेट्या पाठवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पेटीत घालायचे पत्रकही नव्याने लिहिण्याची जबाबदारी आली. जुने पत्रक छापखान्यात तयार झाले होते. त्यावर ‘पुरस्कारप्राप्त बाग’, ‘शासनमान्य’, ‘निर्यात दर्जाचा माल’, ‘चाळीस वर्षांचा अनुभव’ आणि ‘५०००+ समाधानी ग्राहक’ अशा पाच ओळी सोनेरी अक्षरांत होत्या. यांतले साफ खोटे असे काहीच नव्हते. पण एकाही ओळीवरून वाचणाऱ्याला नेमके काय झाले, कोणी मान्य केले आणि ते तपासायचे कुठे, हे कळत नव्हते. बढाई मला खटकली ती तिच्या मोठ्या आवाजामुळे नव्हे, तर या पोकळपणामुळे. म्हणून मी विशेषणे मऊ करत बसण्याऐवजी प्रत्येक ओळीमागचा कागद शोधायला सुरुवात केली.

‘शासनमान्य’ या शब्दामागे तीन वेगवेगळे कागद निघाले. आमरसाच्या बाटल्यांसाठी घेतलेला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना, उद्यम नोंदणी आणि बाबांच्या नावाची भौगोलिक मानांकनातील नोंद. पहिले दोन कागद आवश्यक आणि उपयुक्त असले, तरी त्यांत गौरव कसलाच नाही. अन्न परवाना हा व्यवसाय करण्याची परवानगी आहे, रस उत्तम असल्याचा दाखला नव्हे. त्याचा चौदा अंकी क्रमांक बाटलीच्या लेबलावर असायलाच हवा आणि तिथेच तो शोभतो. उद्यम नोंदणी तर आपण स्वतः दिलेल्या माहितीवर होते. हे दोन्ही कागद चौकटीत घालून भिंतीवर टांगणारे उद्योजक मी पाहिले आहेत. जाणकार ग्राहकाला ते पाहून उलट शंका येते, की यांच्याकडे दाखवण्यासारखे दुसरे काही नसावे. मी परवान्याचा क्रमांक लेबलावर ठेवला आणि पत्रकातून दोन्ही उल्लेख काढून टाकले.

याच न्यायाने ‘कार्बाइडमुक्त’ हा शब्दही मी घातला नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास आपल्याकडे कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे ते वापरत नाही असे अभिमानाने सांगणे म्हणजे कायदा पाळतो एवढेच सांगणे. त्याऐवजी आंबा गवताच्या अढीत पिकवतो आणि पेटी मिळाल्यावर तो खाण्याजोगा होण्यास आणखी किती दिवस लागतील, हे लिहिले. ही माहिती ग्राहकाच्या कामाची आहे आणि त्याला ती घरीच पडताळून पाहता येते.

भौगोलिक मानांकनाची गोष्ट वेगळी होती, म्हणून तिथे जास्त वेळ दिला. कोकणच्या हापूसला हे मानांकन २०१८ मध्ये मिळाले आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. मात्र या पट्ट्यात बाग आहे म्हणून मानांकनाचे चिन्ह आपोआप वापरता येत नाही; उत्पादकाला स्वतंत्र अर्ज करून अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. बाबांची ती नोंद होती. तरीही ‘आमच्या आंब्याला जीआय मिळाले आहे’ असे लिहिणे मला पटले नाही, कारण मानांकन प्रदेशाच्या फळाला मिळाले आहे आणि आमच्या वाट्याला त्याचा अधिकृत वापर आला आहे. कोथरूडच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मला फोनवर विचारले होते, ‘हे मानांकन तुमच्या आंब्याच्या गोडीचं आहे का हो?’ मी म्हणालो, ‘नाही साहेब, तो कुठल्या मातीतला आहे, त्याचं आहे.’ हेच उत्तर पुढे पत्रकातले वाक्य झाले: ‘कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून आमची बाग त्याची अधिकृत वापरकर्ता आहे. हे मानांकन फळाच्या उगमाची खात्री देते. चवीची जबाबदारी आमची.’ त्याखाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक दिला. दर हंगामात दोन-चार जण तो तपासतात आणि बाकीच्यांना तो तपासता येईल एवढे दिसते. माझ्या मते क्रमांकाचे निम्मे काम तेवढ्यानेच होते.

‘निर्यात दर्जा’ या शब्दांवर घरात बराच वाद झाला, कारण आमचा काही माल खरोखरच परदेशी गेला होता. युरोपात आंबा पाठवायचा असेल तर बागेची नोंदणी, फळमाशीसाठी उष्ण पाण्याची प्रक्रिया आणि तपासणी, असे टप्पे असतात. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती आणि ती २०१५ च्या सुरुवातीला उठली, तेव्हापासून हे टप्पे अधिक कडक झाले. आमचा माल या सगळ्यातून एका निर्यातदारामार्फत गेला होता, आम्ही स्वतः निर्यातदार नव्हतो. शिवाय पुण्याच्या ग्राहकाच्या पेटीतल्या फळावर ती प्रक्रिया झालेलीच नसते, मग त्या पेटीवर ‘निर्यात दर्जा’ लिहिण्याला अर्थ काय? ‘लोकांना ऐकायला आवडतं,’ असे बाबांचे म्हणणे होते आणि ते खरेही आहे. शेवटी तो उल्लेख घाऊक खरेदीदारांना द्यायच्या माहितीत, वर्ष आणि ‘निर्यातदारामार्फत’ या शब्दासह ठेवला, कारण त्यांना त्यावरून बागेची नोंदवही व्यवस्थित असल्याचे समजते. घरगुती पत्रकातून तो गेला.

‘पुरस्कारप्राप्त’ हा शब्द म्हणजे तालुक्याच्या कृषी प्रदर्शनातील एक बक्षीस होते. मी पूर्ण लिहिले: ‘तालुका कृषी प्रदर्शन, २०१९, हापूस गटात प्रथम क्रमांक.’ वाचताना ते लहान वाटते, हे मान्य. पण ‘पुरस्कारप्राप्त’ वाचून ग्राहक काहीच कल्पना करू शकत नाही, तर गट, वर्ष आणि पातळी वाचून त्याला प्रदर्शनातली ताटात मांडलेली फळे डोळ्यांसमोर आणता येतात. त्याच ओळीत मी आमच्या कलमांची छाटणी आणि काढणी करणाऱ्या मंडळींचा उल्लेख जोडला, कारण प्रदर्शनाला नेलेली फळे झेल्याने देठासकट, डाग न पाडता उतरवणे हे त्यांचे कसब होते. ‘नम्रपणे कळवण्यास आनंद होतो’ असली प्रस्तावना मात्र टाळली. ती वाचणाऱ्याला आधीच सावध करते.

याच सुमारास एका संस्थेकडून ‘राष्ट्रीय उत्कृष्ट उद्योजक’ म्हणून आमची निवड झाल्याचे पत्र आले. आम्ही अर्ज केला नव्हता, परीक्षक कोण याचा उल्लेख नव्हता, निकष दिलेले नव्हते आणि निवड झाल्यानंतर स्मृतिचिन्ह व समारंभातील जागेसाठी शुल्क मागितले होते. प्रवेशशुल्क घेणाऱ्या सगळ्याच स्पर्धा बनावट नसतात. पण आधी निवड आणि मग पैसे, असा क्रम असेल तर ते बक्षीस नसून खरेदी आहे. माझ्या चुलतभावाला ते ढालीसह घ्यावेसे वाटत होते. मी त्याला एवढेच विचारले, ‘दादा, कोणी विचारलं की हे कशासाठी मिळालं, तर आपण काय सांगायचं?’ पत्र फाइलला लागले आणि विषय संपला.

सर्वांत जास्त वेळ आकड्यांनी घेतला. ‘५०००+ समाधानी ग्राहक’ हा आकडा अनेक वर्षांत गेलेल्या पेट्यांचा होता, माणसांचा नव्हता. मी मागच्या हंगामाच्या वहीतून दूरध्वनी क्रमांकानुसार याद्या काढल्या, एकाच पत्त्यावरचे दोन क्रमांक एकत्र केले आणि कार्यालयातून एकाच नावाने येणाऱ्या मोठ्या मागण्या एक ग्राहक म्हणूनच धरल्या. ९६० पेट्या ४१२ ग्राहकांकडे गेल्या होत्या. पाच हजारांच्या शेजारी हा आकडा केविलवाणा दिसतो, पण तो एका हंगामाचा आहे आणि वहीत दाखवता येतो.

‘समाधानी’ कसे मोजायचे, हा पुढचा प्रश्न होता. समाधान मोजता येत नाही, पुन्हा केलेली खरेदी मोजता येते. इथे एक सोपी पळवाट आहे: यंदाच्या ग्राहकांत जुने किती, हे सांगितले तर नव्या ग्राहकांच्या संख्येनुसार तो आकडा वर-खाली होतो आणि सोडून गेलेले त्यात दिसतच नाहीत. म्हणून मी उलट बाजूने मोजले. त्याच्या आदल्या हंगामात ३८० ग्राहक होते, त्यांपैकी २३६ परत आले. शंभरात साधारण ६२. पत्रकात टक्केवारी न देता ‘३८० पैकी २३६’ असेच छापले, कारण ‘पैकी’ या शब्दामागे न आलेले १४४ जणही उभे असतात.

त्यानंतर साक्याची ओळ आली. हापूसमधला साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच आतला पांढरट, आंबूस, स्पंजासारखा भाग दिसतो आणि तो आम्हालाही आधी ओळखता येत नाही. पाच डझनांच्या ९६० पेट्या म्हणजे ५७,६०० फळे. त्यांपैकी ८६४ फळे खराब निघाल्याचे ग्राहकांनी कळवले, म्हणजे शेकडा दीड. न कळवलेली याहून नक्कीच जास्त असणार, म्हणून ‘ग्राहकांनी कळवलेली’ हे शब्द मी आकड्याला चिकटूनच ठेवले आणि त्यापुढे लिहिले की कापलेल्या फळाचे छायाचित्र पाठवल्यास पुढच्या पेटीत तेवढी फळे वाढवून देतो. बाबा म्हणाले, ‘आपणच आपल्या मालाची खोड छापायची?’ मी ती ओळ काढली नाही. त्या हंगामात फोनवर सर्वाधिक विचारणा याच ओळीबद्दल झाली, आणि विचारणाऱ्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. पहिल्यांदाच पेटी घेणाऱ्यांना, फळ खराब निघाले तर काय, याचे उत्तर मागण्याआधीच मिळाले होते. तक्रारी मात्र वाढल्या, कारण कळवण्याची वाट आता छापील होती. त्याचा खर्च धरूनच दर ठरवावा लागला, हेही सांगायला हवे.

‘चाळीस वर्षांचा अनुभव’ दोन वाक्यांत मोडला: बाग आजोबांनी १९७८ मध्ये लावली, थेट विक्री २०११ पासून. लागवडीचा अनुभव आणि पेटी वेळेवर पोचवण्याचा अनुभव हे दोन वेगळे अनुभव आहेत, आणि घेणाऱ्याचा संबंध दुसऱ्याशी जास्त येतो.

मांडणीत मी पत्रकाच्या वरच्या भागात आंबा कसा ठेवावा, कधी खावा हे दिले आणि मानांकन, बक्षीस व आकडे खालच्या तृतीयांशात, सगळे एकाच आकाराच्या काळ्या अक्षरांत ठेवले. प्रत्येक आकड्याशेजारी हंगामाचे वर्ष आहे. त्यामुळे पत्रके मोठ्या संख्येने छापून दोन-तीन वर्षे पुरवता येत नाहीत. दर फेब्रुवारीत, पहिली काढणी सुरू होण्याआधी, वही उघडून ‘पैकी’च्या दोन्ही बाजूंचे आकडे बदलावे लागतात, मानांकनातील नोंद चालू आहे ना ते पाहावे लागते आणि उरलेली जुनी पत्रके रद्दीत द्यावी लागतात. यंदा परत आलेल्यांचे प्रमाण थोडे घटले आहे. तोच आकडा छापायला दिला आहे.