करमळीच्या बदकांची नोंदवही: पहिली भरलेली चौकट शोधताना

गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर 2024 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आठ रविवार मोजणी केली. काही रविवारी मी गेलो, काही रविवारी शेजारचे काका. त्या सगळ्या नोंदी या आठवड्यात एका एक्सेल शीटमध्ये आणल्या. प्रत्येक ओळीला एक पक्षी, आणि C पासून J पर्यंतच्या स्तंभांत 3 नोव्हेंबर ते 22 डिसेंबर हे आठ रविवार. मला हवं होतं एवढंच, की हिवाळी पाहुणा पहिल्यांदा कधी दिसला आणि तेव्हा किती होते. म्हणजे प्रत्येक ओळीत डावीकडून पहिली भरलेली चौकट.

सुरुवात नेहमीच्या सूत्राने केली:

```
=MATCH(TRUE,C2:J2<>"",0)
```

हे आकडा देत नाही, जागा देतं. तलवार बदकासाठी 3 आलं, म्हणजे तिसरा रविवार, 17 नोव्हेंबर. जागा K मध्ये वेगळी ठेवली, कारण तिच्यावरून तारीख आणि संख्या दोन्ही काढता येतात. माझ्या जुन्या एक्सेलमध्ये हे सूत्र साध्या एंटरने चालत नाही, चूक दाखवतं. Ctrl+Shift+Enter दाबलं की सूत्राभोवती महिरपी कंस येतात आणि मग ते आठही चौकटी तपासतं. काका गूगल शीट्स वापरतात. तिथे त्याच कळांनी सूत्राला आपोआप ARRAYFORMULA लागतं. नव्या एक्सेलला यातलं काही लागत नाही.

थापट्या बदकाच्या ओळीत मात्र गोंधळ झाला. जागा आली 1, पण संख्येच्या रकान्यात काहीच दिसेना. पहिल्या रविवारची चौकटही रिकामीच होती. मग बाजूला `=LEN(C3)` लिहून पाहिलं, तर उत्तर 1. चौकटीत एक स्पेस बसलेली होती! काकांना विचारलं तर म्हणाले, “अरे, चुकून आकडा पडला की मी मोबाइलवर स्पेस देऊन तो पुसतो.” डोळ्यांना ती चौकट रिकामी दिसते, सूत्राच्या लेखी ती भरलेली असते. अशा वेळी ISBLANK चाही उपयोग नाही, तेही तिला भरलेलीच मानतं. TRIM लावल्यावर ही ओळ सुधारली. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात कधी न तुटणारी स्पेस असते, ती TRIM ने जात नाही. LEN 1 दाखवत असेल आणि `=UNICODE(C3)` चं उत्तर 160 आलं, तर ती हीच.

खरा विचार करायला लावला तो भुवई बदकाने. सूत्राचं उत्तर आलं पहिला रविवार, संख्या 0. सूत्राचं काहीच चुकलं नव्हतं. मी शोधूनही पक्षी न दिसल्यास 0 लिहितो, आणि तो शोधलाच नसेल तर चौकट रिकामी सोडतो. हा फरक मला मोडायचा नाही, कारण ‘नव्हता’ आणि ‘पाहिलंच नाही’ या पक्षीनोंदीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेव्हा मला हवी ती पहिली भरलेली चौकट नव्हेच. मला हवी भरलेली आणि शून्य नसलेली पहिली चौकट.

सहज सुचलं `C2:J2>0`. ते फसवं निघालं. तुलना करताना एक्सेल कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा धरतं, त्यामुळे काकांची स्पेस पुन्हा पहिली आली. नुसते आकडेच धरायचे म्हटलं तर तेही चालणार नव्हतं, कारण थवा मोजता आला नाही की आम्ही ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाच्या पद्धतीने X लिहितो, आणि तोही ‘दिसला’ म्हणून धरायला हवा. शेवटी K मध्ये हे ठेवलं:

```
=MATCH(1,(TRIM(C2:J2)<>"")*(TRIM(C2:J2)<>"0"),0)
```

दोन्ही अटी खऱ्या असतील तरच गुणाकार 1 येतो. TRIM आकड्याचाही मजकूर करतं, म्हणून 0 ला अवतरणचिन्हं. 10 किंवा 20 यात अडकत नाहीत, कारण जुळणी पूर्ण चौकटीशी होते. मग L मध्ये तारीख, M मध्ये संख्या:

```
=IFNA(INDEX($C$1:$J$1,K2),"")
=IFNA(INDEX(C2:J2,K2),"")
```

L ला तारखेचं फॉरमॅट द्यायला विसरलो, तेव्हा 17 नोव्हेंबरच्या जागी 45613 दिसलं. K मधला #N/A मुद्दाम झाकला नाही. तो दिसला की कळतं, हा पक्षी आठही रविवारी दिसला नाही. IFERROR टाळलं, कारण सूत्रातली खरी चूकही त्याने रिकामी दिसली असती.

आता भुवई बदक 24 नोव्हेंबर, 6 असं येतं. वहीशी ताडून पाहिलं, जुळतंय. एक अडचण उरली आहे. त्याच्या आधीचा रविवार त्या ओळीत रिकामा आहे, म्हणजे बदकं 17 लाच आली असतील तरी शीटला ते कळणार नाही. म्हणून N मध्ये पहिल्या दर्शनाच्या आधीचं शेवटचं 0 कोणत्या तारखेचं, ते काढायला घेतलं आहे. भुवई बदकासाठी ते 10 नोव्हेंबर येतं. म्हणजे त्यांचं येणं 10 ते 24 च्या दरम्यान कधीतरी.